मायग्रेन असलेल्यांसाठी घरचा शाकाहारी मेनू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वेळा ज्याचं डोकं दुखतं त्याच्याकडून येत नाहीत, त्या घरात स्वयंपाक करणाऱ्याकडून येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: काय बंद करू? मायग्रेनच्या पथ्याच्या याद्या पाहिल्या तर त्यांत चीज, दही, शेंगदाणे, बदाम, सोया आणि कधीकधी काही कडधान्यंही असतात. मांस-मासे-अंडी न खाणाऱ्या घरात ही यादी जशीच्या तशी पाळली, तर ताटातली प्रथिनंच निघून जातात. पोट लवकर रिकामं होतं आणि जेवणांमधलं अंतर लांबत जातं. हे लांबलेलं अंतरच अनेकांच्या डोकेदुखीचं मोठं कारण असतं. म्हणून इथली उत्तरं एका क्रमाने जातात: आधी वेळ, मग पदार्थ. हा मेनू डॉक्टरांनी दिलेल्या औषधांच्या जोडीने वापरायचा आहे, त्यांच्याऐवजी नाही.

१. मायग्रेन असेल तर काय काय खायचं नाही, याची सरळ यादी द्याल का?

लोक ज्यांचं नाव वारंवार घेतात ते शाकाहारी पदार्थ असे: मुरवलेलं चीज, चॉकलेट, कॉफी (जास्त घेतली तरी आणि अचानक सोडली तरी), सोया सॉससारखे आंबवलेले सोयाचे पदार्थ, अजिनोमोटो, अॅस्पार्टेम हा कृत्रिम गोडवा, सुकामेवा, संत्री-मोसंबी आणि मद्य, त्यातही रेड वाइन.

ही यादी बंदीची नाही, संशयितांची आहे. यातलं सगळं सगळ्यांना बाधत नाही. पुष्कळ रुग्णांना यातलं काहीच बाधत नाही. शिवाय एखादा पदार्थ एरवी चालतो आणि झोप कमी झालेली असताना, पाळीच्या आसपास किंवा जेवण चुकलेलं असताना तोच बाधतो, असंही होतं. त्यामुळे सगळं एकदम बंद करू नका. प्रश्न २ आणि ३ प्रमाणे आधी वेळा बसवा. त्यानंतरही एखाद्या पदार्थावर संशय राहिला, तर तो कसा तपासायचा हे प्रश्न ११ मध्ये आहे.

२. “वेळेवर जेवा” म्हणजे नेमकं किती वाजता?

घड्याळात किती वाजले यापेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. जागेपणी दोन खाण्यांमध्ये साधारण तीन ते चार तासांहून जास्त अंतर पडू देऊ नये. आणि सुट्टी असो वा कामाचा दिवस, वेळा रोज जवळपास त्याच असाव्यात, अर्ध्या तासाच्या फरकाने. मायग्रेन असलेला मेंदू बदलांच्या बाबतीत हळवा असतो. झोप, चहा, जेवण, पाणी यांतलं काहीही एकदम पुढेमागे झालं तर त्याला ते जाणवतं.

रात्रीचं अंतर वेगळं मोजा. रात्रीच्या जेवणाचा शेवटचा घास ते सकाळचा पहिला घास, हे अंतर अकरा-बारा तासांच्या वर जात असेल आणि डोकं सकाळीच दुखत असेल, तर पहिली दुरुस्ती तिथे करायची. झोपण्यापूर्वी अर्धा पेला दूध आणि दोन-तीन खजूर, किंवा अर्धी पोळी आणि थोडं पनीर, एवढंही पुरतं.

उठल्यापासून पहिला घास एका तासाच्या आत पोटात जावा. नुसता चहा हा घास धरू नका.

३. दिवसभराचा एक नमुना मेनू मिळेल का?

साडेसहाला उठणाऱ्या आणि साडेदहाला झोपणाऱ्या व्यक्तीसाठी ही मांडणी आहे. तुमची उठायची वेळ वेगळी असेल तर सगळ्या वेळा तेवढ्याच पुढे-मागे सरकवा.

सकाळी सातला पेलाभर पाणी, नेहमीचा चहा आणि सोबत एखादा टोस्ट किंवा मूठभर भाजलेले फुटाणे. आठ वाजता नाश्ता: मूगडाळीची दोन धिरडी आणि ताजं दही, किंवा दुधात शिजवलेले ओट्स आणि वरून चमचाभर भोपळ्याच्या बिया. अकराला एखादं फळ. एक वाजता जेवण: दोन पोळ्या, वाटीभर घट्ट डाळ किंवा शिजवलेलं कडधान्य, एक भाजी, थोडा भात आणि काकडी-गाजर. साडेचारला दुसरा चहा आणि त्याच्याबरोबर पोटाला आधार देणारं काही, म्हणजे उकडलेले हरभरे किंवा पनीर लावलेला ब्रेडचा तुकडा. पावणेआठला रात्रीचं जेवण: मऊ खिचडी आणि भाजी, किंवा पोळी आणि ताज्या पनीरची भाजी. झोपायच्या आधी लागलंच तर अर्धा पेला दूध.

पदार्थ तुमच्या घरचेच ठेवा, पण रचना मोडू नका. प्रत्येक मोठ्या जेवणात डाळ, कडधान्य, पनीर, टोफू, दूध, दही यांपैकी काहीतरी ठळक प्रमाणात हवं, म्हणजे निदान एक वाटी. नुसती पोळी-भाजी किंवा नुसता भात आणि पातळ वरण खाल्लं की दोन तासांत पोट रिकामं वाटतं आणि मग वेळा पाळणं जड जातं. नाश्त्याला नुसती बिस्किटं किंवा गोड सिरियल घेणाऱ्यांचं सकाळी अकराला डोकं धरतं, ही तक्रार माझ्याकडे फार येते. तिथे मी बहुतेकदा काहीही बंद करायला सांगत नाही, नाश्त्यात डाळ किंवा दूध वाढवायला सांगते.

पाणी दिवसभर थोडं थोडं घ्या. लघवी फिकट पिवळी असेल तर पुरेसं चाललं आहे.

४. जेवण लांबलं की डोकं का दुखतं? साखर कमी होते म्हणून का?

बहुतेक निरोगी माणसांमध्ये जेवण चुकलं म्हणून रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. यकृत साठवलेली साखर सोडत राहतं. त्यामुळे उपाशी डोकेदुखी म्हणजे साखरेची कमतरता, असं सरळ समीकरण मांडता येत नाही. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘उपवासामुळे होणारी डोकेदुखी’ हा प्रकार वेगळा नोंदलेला आहे. निदान आठ तास काही खाल्लेलं नसताना ती सुरू होते, आणि मायग्रेन असलेल्यांना ती जास्त होते.

याचा व्यवहारातला अर्थ असा की डोकं दुखायला लागल्यावर चमचाभर साखर खाऊन ते थांबेल अशी आशा धरू नका. एकदा अटॅक सुरू झाला की खाल्ल्याने तो बहुधा परतत नाही. खाणं उपयोगी पडतं ते आधी. (मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. प्रश्न १४ पाहा.)

५. सकाळी भूकच नसते, उलट मळमळतं. नाश्ता कसा करायचा?

दोन शक्यता तपासा. रात्रीचं जेवण फार उशिरा किंवा फार जड होत असेल तर सकाळी भूक लागत नाही. ते जेवण तासभर अलीकडे आणा आणि रात्रीची तळलेली किंवा तिखट भाजी दुपारी सरकवा. आठवड्याभरात सकाळची भूक परत येते.

दुसरी शक्यता अशी की ही मळमळ हीच अटॅकची सुरुवात असेल. त्यासोबत जांभया, मान आखडणं, चिडचिड किंवा उजेड नकोसा वाटणं असेल तर हे बरंच संभवतं. तेव्हा पूर्ण नाश्त्याचा आग्रह धरू नका. कोरडा टोस्ट, अर्धं केळं किंवा चार घास मऊ भात एवढं पुरे. डॉक्टरांनी दिलेलं औषध कधी घ्यायचं हे त्यांनीच सांगितलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते लवकर घेतलेलं बरं. अटॅक वाढला की जठराची हालचाल मंदावते आणि पोटातून घेतलेलं औषधही उशिरा शोषलं जातं.

६. नेमकं सुट्टीच्या दिवशीच डोकं का दुखतं? शनिवारी रात्रीचं बाहेरचं खाणं बाधतं का?

या प्रश्नाला लांब उत्तर देते, कारण चुकीचा पदार्थ दोषी ठरतो तो बहुतेक इथेच.

समजा, एका ३८ वर्षांच्या बाईंचं रविवारी अकराच्या सुमारास डोकं उठतं. शनिवारी रात्री घरात पिझ्झा होतो, म्हणून त्यांनी चीजला दोष दिला आहे. आता त्यांच्या वेळा मांडून पाहू. कामाच्या दिवशी त्या रात्री साडेआठला जेवतात, साडेसहाला उठतात, पावणेसातला चहा घेतात आणि आठला नाश्ता करतात. म्हणजे खाण्यातलं अंतर साडेअकरा तास. शनिवारी जेवण दहाला होतं, झोप साडेबाराला लागते. रविवारी त्या साडेनऊला उठतात, पावणेदहाला चहा घेतात आणि पहिला घास साडेअकराला. अंतर झालं साडेतेरा तास. चहाही नेहमीपेक्षा बरोबर तीन तास उशिरा झाला आणि झोपेचं वेळापत्रकही तितकंच सरकलं.

म्हणजे चीजच्या जोडीला तीन संशयित आणखी आहेत, आणि चौघेही दर आठवड्याला एकत्रच हजर असतात. नुसतं आठवून यांतला खरा कोण हे कळणार नाही. म्हणून एका वेळी एकच बाजू हलवायची. पहिले सहा आठवडे पिझ्झा तसाच ठेवायचा, मात्र रविवारी साडेसातच्या आत उठायचं, लगेच चहा आणि टोस्ट घ्यायचा आणि साडेआठला नाश्ता. झोप कमी पडली तर दुपारी थोडी काढायची. आधी सहापैकी चार-पाच रविवारी डोकं दुखत असेल आणि आता एखाद्याच रविवारी दुखलं, तर दोष वेळेचा होता आणि चीज विनाकारण बदनाम झालं. फरकच पडला नाही, तर वेळा तशाच धरून पुढचे सहा आठवडे पिझ्झ्यावर चीजऐवजी ताजं पनीर घालून पाहायचं.

हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी चीज बंद केलं, तर एक गोंधळ होतो. पथ्याच्या उत्साहात माणूस शनिवारी लवकर जेवतो आणि लवकर झोपतो. डोकं थांबतं आणि श्रेय चीज सोडण्याला मिळतं.

७. चहा-कॉफी पूर्ण बंद करावी का?

सहसा गरज नसते. प्रमाण आणि वेळ ठरवावी लागते. अंदाजासाठी: २०० मिलिलिटर फिल्टर कॉफीत सुमारे ९० मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि काळ्या चहाच्या मोठ्या कपात सुमारे ५० मिलिग्रॅम. अधूनमधून मायग्रेन होणाऱ्या ९८ जणांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला एक-दोन पेयांशी डोकेदुखीचा संबंध दिसला नाही, तीन किंवा अधिक पेयांच्या दिवशी मात्र शक्यता वाढलेली दिसली. म्हणून रोज दोन कप, रोज त्याच वेळी, हा घरात पाळता येण्याजोगा नियम आहे.

अडचण येते ती अचानक सोडण्याने. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज २०० मिलिग्रॅमच्या वर कॅफीन घेणाऱ्याने ते एकदम थांबवलं, तर चोवीस तासांत डोकेदुखी सुरू होऊ शकते आणि ती आठवडाभर राहू शकते. कमी करायचं असेल तर दर चार दिवसांनी पाव कप कमी करा. काही वेदनाशामक गोळ्यांतही कॅफीन असतं, हेही हिशेबात धरा.

८. चीज बंद सांगितलं आहे. मग पनीर आणि दहीही बंद का?

नाही. चीजवर संशय घेतला जातो तो टायरामिनमुळे. प्रथिनांतल्या टायरोसिन या घटकावर जिवाणूंची क्रिया झाली की टायरामिन तयार होतं, आणि पदार्थ जितका जास्त दिवस मुरतो तितकं ते साठत जातं. चेडर, परमेजान, ब्लू चीज ही महिनोन्‌महिने मुरवलेली असतात. पनीर दूध फाडून त्याच दिवशी होतं, त्यात मुरण्याचा टप्पाच नाही. रिकोटा, कॉटेज चीज, ताजं मोझरेला हेही ताज्या गटातले. प्रोसेस्ड चीजच्या स्लाइस मात्र मुरवलेलं चीज वितळवून केलेल्या असतात, म्हणून त्या पनीरच्या रांगेत बसवू नका.

दह्याचं उत्तर ‘ताजं असेल तर’ असं आहे. रात्री लावलेलं आणि दुसऱ्या दिवशी संपवलेलं गोडसर दही बहुतेकांना चालतं. चार दिवस राहिलेल्या आंबट दह्याचा संशय असेल, तर ते कढीत घालून उकळल्याने प्रश्न सुटत नाही, कारण टायरामिन शिजवल्याने नष्ट होत नाही.

आणि टायरामिन सगळ्यांना बाधतं, हेही सिद्ध झालेलं नाही. १९६७ मध्ये त्याचा आणि मायग्रेनचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे मांडला गेला. नंतरच्या चाचण्यांतून मात्र एकसारखं उत्तर आलेलं नाही. त्यामुळे मुरवलेलं चीजदेखील तपासूनच बंद करा.

९. चॉकलेट खाल्लं की दुसऱ्या दिवशी नक्की दुखतं. हा पुरावा नाही का?

संशयाला जागा आहे, पण उलटीही शक्यता आहे. डोकं दुखायच्या काही तास आधीपासून, कधी दोन दिवस आधीपासून, मेंदूत अटॅकची तयारी सुरू झालेली असते. त्या टप्प्यात काहींना गोड खाण्याची, विशेषतः चॉकलेटची, अनावर इच्छा होते. मग ते खाल्लं जातं आणि नंतर डोकं दुखतं. अशा वेळी चॉकलेट हे अटॅकचं लक्षण असतं, कारण नव्हे.

१९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डोकेदुखीचा त्रास असलेल्या ६३ स्त्रियांना चॉकलेट आणि तसंच लागणारं कॅरोब देण्यात आलं, कोणतं कुठलं हे न सांगता. दोन्हींनंतर डोकं दुखण्यात फरक आढळला नाही, चॉकलेट आपल्याला बाधतं अशी खात्री असलेल्यांमध्येही.

स्वतःसाठी सोपी पारख अशी: तीव्र इच्छा नसताना, ठरवून, जेवणानंतर दोन तुकडे खा आणि पुढचे चोवीस तास पाहा. असं चार-पाच वेळा वेगवेगळ्या दिवशी करा. त्या प्रयोगांत डोकं शांत राहिलं, तर यापुढे चॉकलेटची तलफ आली की ती धोक्याची सूचना समजून वेळेवर जेवा, पाणी प्या आणि औषध जवळ ठेवा.

१०. सोया, शेंगदाणे, केळी, कांदा, संत्री हेही याद्यांत असतात. शाकाहारी माणसाने मग खायचं काय?

हे सगळं खायचं. सोयाच्या बाबतीत ताजं आणि आंबवलेलं वेगळं करा. सोया सॉस, मिसो, टेंपे हे आंबवलेले, त्यामुळे संशयित. ताजं टोफू, सोया चंक्स, सोयाबीनचं दूध यांना त्याच कारणाने वगळायची गरज नाही. टोफूचं पाकीट उघडल्यावर मात्र दोन दिवसांत संपवा.

अजिनोमोटोबद्दलचे पुरावे कच्चे आहेत. ज्या चाचण्यांत त्रास दिसला, त्यांत ते बहुतेकदा मोठ्या मात्रेत, पाण्यात विरघळवून, उपाशीपोटी दिलेलं होतं. जेवणातल्या प्रमाणात तसा ठाम परिणाम दिसलेला नाही. घरच्या मेनूत त्याची गरजच नसते, त्यामुळे या प्रश्नात फार वेळ घालवू नये.

केळी, कांदा, संत्री, शेंगदाणे, बदाम ही नावं यादीत आहेत, पण वजन कमी आहे. शेंगदाणे आणि बदाम तर दोन जेवणांमधली पोकळी भरणारे आहेत. ज्याला स्पष्ट संशय नाही त्याने ते सोडल्यास फायद्यापेक्षा तोटाच जास्त होतो. खवट वास येणारे दाणे फेकायचे, हे मायग्रेन नसतानाही खरंच आहे.

११. एखादा पदार्थ मला बाधतो का, हे घरी कसं तपासायचं?

आधी चार आठवडे काहीही बंद न करता नोंद ठेवा. रोज पाच गोष्टी पुरतात: उठण्या-झोपण्याची वेळ, खाण्याच्या वेळा, संशयित पदार्थ खाल्ला का, पाळीचा दिवस, आणि डोकं दुखलं का. ज्या दिवशी दुखलं नाही त्या दिवसांची नोंदही तितकीच हवी. लोक नेमकी तीच गाळतात.

मग साधी वजाबाकी करा. समजा, २८ दिवसांत पनीर १२ दिवशी खाल्लं आणि त्यांतल्या ३ दिवसांनंतर चोवीस तासांत डोकं दुखलं. न खाल्लेल्या १६ दिवसांपैकी ४ दिवसांनंतर दुखलं. दोन्हीकडे प्रमाण चारात एक. पनीर निर्दोष. तेच खाल्लेल्या १२ पैकी ८ वेळा आणि न खाल्लेल्या १६ पैकी २ वेळा दुखलं असतं, तर संशय बळकट झाला असता.

संशय बळकट असलेला एकच पदार्थ चार ते सहा आठवडे बंद ठेवा, वेळा न बदलता. त्या जागी तेवढीच प्रथिनं देणारा दुसरा पदार्थ ठेवा. त्यानंतर तो पुन्हा सुरू करून पाहा. हा टप्पा बहुतेक जण टाळतात, कारण बरं वाटत असताना कुणाला धोका नको असतो. पण मायग्रेन आपोआपही कमी-जास्त होत असतं. पदार्थ परत आणल्यावर त्रास परत आला, तरच तो पदार्थ कायमचा वगळण्यात अर्थ आहे.

१२. सकाळी एकदाच स्वयंपाक होतो. उरलेलं रात्री खाल्लेलं चालेल का?

सकाळचं रात्री चालतं, पण ते बाहेर ठेवू नका. वाफ गेली की तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये ठेवा आणि रात्री एकदाच नीट गरम करा. त्यापुढे, विशेषतः डाळी, कडधान्यं, पनीर आणि सोया यांच्या बाबतीत, एका दिवसाची मर्यादा पाळा. जास्तीचं करायचंच असेल तर शिजवल्याच दिवशी छोट्या डब्यांत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठवल्यावर जिवाणूंचं काम आणि त्यासोबत टायरामिन साठणंही थांबतं. तिसऱ्या दिवशी आठवण झाली म्हणून गोठवण्यात काही हशील नाही.

फ्रीझरमधले हे डबे वेळा पाळायलाही उपयोगी पडतात. शिजवलेले राजमा किंवा हरभरे तयार असले की उशीर झालेल्या संध्याकाळी जेवण अर्ध्या तासात होतं.

१३. उपवास केला तर?

निर्जळी किंवा दिवसभराचा उपवास मायग्रेन असलेल्यांसाठी खरोखर अवघड असतो, आणि त्यात चहा-कॉफीही सुटत असेल तर दुप्पट. करायचाच असेल तर काही आठवडे आधीपासून कॅफीन कमी करत आणा (प्रश्न ७), आदल्या रात्री डाळ-कडधान्याचं पोटभर जेवण घ्या आणि पाणी सोडू नका. दूध, दही, फळं, दाणे चालत असतील तर ते तीन-चार तासांच्या अंतराने वाटून घ्या, एकाच वेळी नको. दर उपवासाला अटॅक येत असेल, तर उपवास न करणं हाच वैद्यकीय सल्ला आहे.

वजन उतरवण्यासाठी सोळा तास न खाण्याची पद्धत मात्र मी मायग्रेनच्या रुग्णाला सुचवत नाही. वजन कमी करायचं तर जेवणांची संख्या तीच ठेवून तेल, तळण आणि साखर कमी करा.

१४. मधुमेह आणि मायग्रेन दोन्ही आहेत. वरचा मेनू चालेल का?

मांडणी चालेल, पण फळ, भात आणि झोपण्यापूर्वीचं खाणं यांचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांशी किंवा आहारतज्ज्ञांशी बोलून ठरवा. खजुराऐवजी मूठभर दाणे घ्या. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांमध्ये डोकेदुखी, घाम, थरथर हे साखर खरोखर खाली गेल्याचं लक्षण असू शकतं. तिथे अंदाज करायचा नाही. ग्लुकोमीटरने तपासा आणि साखर कमी असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लगेच साखर घ्या.

१५. मॅग्नेशियम आणि बी-२ ने मायग्रेन कमी होतं असं वाचलं. ते जेवणातून मिळेल का?

मॅग्नेशियम जेवणातून चांगलं मिळतं: भोपळ्याच्या बिया, बदाम, पालक, कडधान्यं, अख्खी धान्यं. शाकाहारी मेनूची ही जमेची बाजू आहे. मात्र मायग्रेन टाळण्यासाठी दिलं जाणारं मॅग्नेशियम पूरक गोळ्यांच्या मात्रेत असतं, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बी-२ ची अभ्यासात वापरलेली मात्रा दिवसाला ४०० मिलिग्रॅम होती. रोजची गरज एक-दोन मिलिग्रॅमच्या आसपास असते. इतकं बी-२ कोणत्याही ताटातून मिळणार नाही. शाकाहारी व्यक्तीने बी-१२ आणि हिमोग्लोबिन मात्र तपासून घ्यावं.

१६. सगळं पाळलं, तरी डोकं दुखतंच. कुठे चुकतंय?

आधी गोळ्यांचे दिवस मोजा. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि खास मायग्रेनसाठीच्या ट्रिप्टान गटातल्या किंवा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त काळ चाललं असेल, तर गोळ्यांच्या अतिवापरानेच डोकं दुखत असू शकतं. तिथे कोणताही मेनू पुरा पडत नाही, गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी कराव्या लागतात. अटॅक वारंवार येत असतील तर प्रतिबंधक औषधाबद्दलही त्यांना विचारा. आहाराने सगळ्यांचं भागत नाही, आणि तसं झालं तर तो स्वयंपाक करणाऱ्याचा किंवा रुग्णाचा दोष नसतो.

एकाएकी क्षणात शिगेला पोहोचलेली डोकेदुखी, ताप आणि मान ताठ होणं, हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं यांपैकी काहीही असेल तर घरी थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेली किंवा गरोदरपणात नव्याने आलेली डोकेदुखी डॉक्टरांनी तपासायलाच हवी.

१७. औषधं चालू असताना मेनूत काही बदल करावा लागतो का?

मायग्रेनच्या प्रतिबंधक औषधांपैकी टोपिरामेटने भूक मंदावते आणि मूतखड्याची शक्यता वाढते. त्यावर असताना भूक लागण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे खा आणि पाणी वाढवा. फ्लुनारिझिन आणि अमिट्रिप्टिलिनने उलट भूक वाढते. तिथे मधल्या वेळच्या खाण्यात बिस्किटांऐवजी उकडलेले हरभरे, फुटाणे किंवा ताक ठेवा, पण खाणं वगळू नका.

एका गटाला मात्र ‘तपासून ठरवा’ हा इथला सल्ला लागू नाही. फेनेल्झिन, ट्रॅनिलसिप्रोमिन यांसारखी एमएओ रोधक औषधं नैराश्यासाठी कधीकधी दिली जातात, आणि लिनेझोलिड या प्रतिजैविकाचाही काहीसा तसाच परिणाम असतो. ही औषधं चालू असताना शरीराला टायरामिन नीट मोडता येत नाही. मुरवलेलं चीज, सोया सॉस, मिसो किंवा यीस्टचा अर्क खाल्ल्याने रक्तदाब धोकादायक वाढू शकतो आणि त्याची पहिली खूण जोराची डोकेदुखी असते. ही औषधं घेत असताना हे पदार्थ पूर्ण बंद ठेवा. थांबवल्यानंतर ते कधी सुरू करायचे, हे औषध देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, कारण काही औषधांचा परिणाम गोळी बंद झाल्यावरही सुमारे दोन आठवडे टिकतो.